सर्व्हरचं उत्तर जातं कुठे? गेमची जोडणी फायरवॉलपाशी अडते तेव्हा पॅकेट कॅप्चर कसं वाचायचं

प्रश्न: ठाण्यात नौपाड्याला आमचा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे. सुट्टीत मुलांना घरूनही खेळता यावं म्हणून एका लिनक्स मशीनवर लुआंटी या गेमचा सर्व्हर लावला. क्लासच्या लॅनवर `192.168.10.20` टाकलं की लगेच जोडतो. बाहेरून, म्हणजे मुलांच्या घरून ऐरोली-कळव्याहून, थोडा वेळ फिरतं आणि टाइमआउट. फायरवॉलवर (तीही लिनक्सच) यूडीपी `30000` उघडून `192.168.10.25` कडे फॉरवर्ड केलंय. हा दुसरा पत्ता त्याच मशीनला खास गेमसाठी दिला. नियमाचा काउंटर वाढतो. फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला `tcpdump -ni eth0 udp port 30000` लावला तर पॅकेट आत येताना दिसतात, उत्तर बाहेर जाताना दिसत नाही. सर्व्हरवर पाहिलं तर तो उत्तर देतोय. मग फायरवॉल उत्तर गिळतेय का? कॅप्चर नेमकं वाचायचं कसं?

उत्तर:

फायरवॉल उत्तर गिळत नाहीये. उत्तर बाहेर पडतंय, पण वेगळ्याच पोर्टवरून, आणि तुम्ही लावलेल्या फिल्टरमुळे ते तुम्हाला दिसत नाहीये. एकाच मशीनला दोन पत्ते आणि फॉरवर्ड दुसऱ्या पत्त्याकडे, हे वाचलं तेव्हाच मला हा संशय आला. नुसत्या संशयावर लिहायचं नव्हतं, म्हणून काल रात्री ऐरोलीला घरी तीन जुनी मशीन आणि एक जादा राउटर जोडून तुमचीच रचना उभी केली. तुम्ही सांगता तेच सगळं जसंच्या तसं झालं. खाली दिलेल्या ओळी त्याच कॅप्चरमधल्या आहेत. बाहेरचे पत्ते मात्र उदाहरणादाखल राखून ठेवलेल्या गटातले घेतलेत: `203.0.113.10` हा क्लासचा सार्वजनिक पत्ता समजा आणि `198.51.100.77` हा खेळणाऱ्या मुलाच्या घरचा.

आधी जोडणी नीट होते तेव्हा काय दिसतं ते पाहू, कारण ते माहीत असलं की बिघाड लगेच नजरेत येतो. लुआंटी यूडीपीवर चालतो. यूडीपीला स्वतःचा हस्तांदोलनाचा प्रकार नसतो. टीसीपीसारखे `SYN`, `SYN-ACK` इथे शोधायला जाऊ नका. ओळख करून घेण्याचं काम गेम स्वतःच्या पॅकेटांतून करतो, त्यामुळे पॅकेटच्या पोटात डोकवावं लागतं. `tcpdump` ला `-X` दिलं की पोटातले बाईट दिसतात. आयपी आणि यूडीपीची मिळून पहिली २८ बाईट सोडा. त्यापुढे लुआंटीच्या प्रत्येक पॅकेटची सुरुवात याच चार बाईटनी होते:

```
4f45 7403 0000 ...   खेळणाऱ्याकडून, पहिल्यांदा
4f45 7403 0001 ...   सर्व्हरकडून
```

`4f457403` ही लुआंटीची खूण. त्यापुढचे दोन बाईट म्हणजे पाठवणाऱ्याचा क्रमांक. सर्व्हरचा क्रमांक कायम १. नवा खेळाडू आला की त्याला अजून क्रमांक नसतो, म्हणून तो `0000` लिहून पाठवतो. सर्व्हर उत्तरात त्याला एक क्रमांक देतो, २ किंवा त्याहून मोठा. ते उत्तर खेळाडूला मिळालं की त्याच्या पुढच्या पॅकेटांत `0000` जाऊन तो क्रमांक येतो. त्यानंतर आवृत्ती जुळवणं, नाव, पासवर्ड वगैरे.

या दोन बाईटांवरून तुम्ही एकट्या सर्व्हरवर बसूनसुद्धा बरंच काही सांगू शकता. खेळाडूकडून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटात, दहाव्या-विसाव्या सेकंदालाही, `0000` च येत असेल, तर सर्व्हरचं उत्तर त्याच्यापर्यंत एकदाही पोचलेलं नाही. तो बिचारा पुन्हा पुन्हा दार वाजवतोय. पासवर्ड चुकला, आवृत्ती जुळली नाही, सर्व्हर भरलाय, असलं काही असतं तर त्याला आधी क्रमांक मिळाला असता आणि मग नकार. तुमच्या सर्व्हरवर `-X` लावून पाहा, सगळे `0000` दिसतील. म्हणजे जाण्याची वाट ठीक आहे, परतीची तुटली आहे. आता ती कुठे तुटली एवढंच शोधायचं.

त्यासाठी एकाच प्रयत्नाचं कॅप्चर एकाच वेळी चार ठिकाणी घ्यायचं: खेळाडूचा पीसी, फायरवॉलची बाहेरची बाजू, फायरवॉलची आतली बाजू आणि सर्व्हर. वेगवेगळ्या प्रयत्नांची कॅप्चर शेजारी ठेवून तुलना करू नका. प्रत्येक प्रयत्नाला खेळाडूच्या बाजूचा पोर्ट बदलतो आणि मग कोणतं पॅकेट कोणाचं हे कळेनासं होतं. फोनवर एकमेकांना सांगून एकदाच "कनेक्ट" दाबा आणि तोच पोर्ट धरून चारही ठिकाणी शोधा, घरच्या राउटरने तो बदलला तर पीसीवर मात्र वेगळा दिसेल. माझ्या प्रयत्नात तो `52814` होता.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लिनक्सवर `tcpdump` आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या नियमांच्या आधी पाहतो आणि बाहेर जाणारं नियमांच्या नंतर. म्हणून सर्व्हरच्याच अंगावरच्या फायरवॉलने आत आलेलं पॅकेट टाकून दिलं तरी ते `tcpdump` मध्ये दिसतंच. "कॅप्चरमध्ये दिसलं म्हणजे गेमला मिळालं" असं समजून कितीतरी लोक तासन् तास चुकीच्या दिशेला जातात. तुमच्या बाबतीत ती शंका नाही, कारण सर्व्हर उत्तर देतोय, म्हणजे त्याला पॅकेट मिळालंय. पण याचीच दुसरी बाजू आपल्या कामाची आहे: फायरवॉलच्या बाहेरच्या कार्डावर बाहेर जाताना जे दिसेल ते पत्ता आणि पोर्ट बदलून झाल्यानंतरचं असेल.

आता फिल्टर. तुम्ही `udp port 30000` लावलाय. हा फिल्टर फक्त तेवढीच पॅकेट दाखवतो ज्यांच्या एका टोकाला `30000` आहे. पण वाटेत पोर्टच बदलला असेल तर? आपण ज्या पॅकेटच्या शोधात आहोत ते नेमकं याच कारणाने लपतं. बिघाड शोधताना फिल्टर आपल्या अपेक्षेवर बांधू नका, समोरच्याच्या पत्त्यावर बांधा, कारण समोरच्याचा पत्ता तुमची फायरवॉल सहसा बदलत नाही:

```
tcpdump -ni eth0 udp and host 198.51.100.77
```

मुलाला त्याच्या घरचा सार्वजनिक पत्ता माहीत नसला तरी अडत नाही. तुमच्या सध्याच्या कॅप्चरमध्ये आत येणाऱ्या पॅकेटवर तो लिहिलेलाच आहे, तोच उचला. तो मोबाइल डेटावर असेल आणि कंपनीने एकच पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असेल तरी चालतं. तुमच्या दारावर त्या क्षणी जो पत्ता दिसतो तोच हवा.

हाच फिल्टर `eth0` ऐवजी फायरवॉलच्या आतल्या कार्डावर लावला तेव्हा मला हे दिसलं (ओळींची मागची बाजू कापली आहे):

```
IP 198.51.100.77.52814 > 192.168.10.25.30000: UDP
IP 192.168.10.20.30000 > 198.51.100.77.52814: UDP
```

आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूला हे:

```
IP 198.51.100.77.52814 > 203.0.113.10.30000: UDP
IP 203.0.113.10.41873 > 198.51.100.77.52814: UDP
```

सावकाश वाचा. आतल्या बाजूची पहिली ओळ: पॅकेट `.25` कडे गेलं, फॉरवर्डचा नियम बरोबर चालला. दुसरी ओळ: उत्तर आलं, पण `.25` कडून नाही, `.20` कडून. पोर्ट तोच, मशीनही तेच, पण पत्ता वेगळा. सर्व्हरवर तुम्ही पाहिलंत तेव्हाही हेच समोर असणार. जाणाऱ्या-येणाऱ्या ओळी एकाखाली एक पळत असतात, पोर्ट `30000` ओळखीचा वाटतो आणि `.20` की `.25` याकडे डोळ्याचं लक्ष जात नाही. तुम्हाला दोष देत नाही. काही वर्षांपूर्वी वाशीच्या एका ऑफिसात आवाजी गप्पांच्या सर्व्हरवर मी याच फरकापायी दोन दिवस घालवले, आणि तो आकडा पहिल्या दहा मिनिटांपासून समोर होता.

वायरशार्कमध्ये हे चटकन दिसावं असं वाटत असेल तर सर्व्हरवरचं कॅप्चर उघडून मेनूतल्या `Statistics` मधून `Conversations` उघडा आणि `UDP` चा टॅब पाहा. नीट चाललेल्या जोडणीची एकच ओळ असते आणि तिच्यात दोन्ही दिशांची पॅकेट मोजलेली असतात. इथे एकाच खेळाडूच्या दोन ओळी दिसतील, आणि दोन्हींत एका दिशेचा आकडा शून्य. एका ओळीत फक्त प्रश्न, दुसरीत फक्त उत्तरं. एकतर्फी ओळींची अशी जोडी दिसली की परतीचा पत्ता तपासायचा.

मग सर्व्हर `.20` वरून का बोलतो? गेमचा सर्व्हर सुरू होताना "या मशीनच्या कोणत्याही पत्त्यावर आलेलं चालेल" असं सांगून बसतो. `ss -lun` चालवलंत तर `30000` च्या अलीकडे `.25` नाही, सगळे पत्ते या अर्थाचं `0.0.0.0` किंवा `*` दिसेल. आत घ्यायला हे सोयीचं आहे. पण उत्तर पाठवताना तो फक्त "हे `198.51.100.77` ला द्या" एवढंच सांगतो. मूळ पॅकेट कोणत्या पत्त्यावर आलं होतं हे कर्नलला सांगत नाही. मग कर्नल रूटिंगच्या तक्त्यात पाहतो, बाहेर जाण्याची वाट शोधतो आणि त्या वाटेसाठी ठरलेला पत्ता लावतो. तो म्हणजे कार्डाचा पहिला पत्ता, `.20`. हे अंदाजाने मानायची गरज नाही, कर्नललाच विचारता येतं:

```
$ ip route get 198.51.100.77
198.51.100.77 via 192.168.10.1 dev eth0 src 192.168.10.20
```

शेवटचा `src` पाहा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नव्या पॅकेटवर हाच पत्ता पडणार.

टीसीपीत असं होत नाही. तिथे पहिल्या पॅकेटपासून कर्नल जोडणीची दोन्ही टोकं स्वतः लक्षात ठेवतो, त्यामुळे `.25` वर आलेल्याला `.25` वरूनच उत्तर जातं. म्हणून तुम्ही कधी `.25` वर एसएसएच करून पाहिलं असेल तर ते व्यवस्थित चाललं असेल आणि पत्ता ठीक असल्याची खात्री पटली असेल. ती खात्री यूडीपीला लागू होत नाही. लॅनवरची मुलंही `.20` टाकून खेळतात, त्यांना उत्तर `.20` वरूनच येतं, त्यामुळे तिथे काहीच बिघडत नाही. त्याच लॅनवर कोणालातरी `.25` टाकायला सांगा, तिथेही जोडणी अडेल. फायरवॉलला हात न लावता करता येणारी ही सगळ्यात सोपी चाचणी आहे आणि कॅप्चरच्या आधी मी हीच करीन.

आता बाहेरच्या बाजूची दुसरी ओळ. `41873` कुठून आला? यासाठी फायरवॉलची जोडण्यांची वही पाहावी लागते. लिनक्स फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठेवते आणि नोंदीत दोन भाग असतात: पॅकेट कसं आलं, आणि त्याचं उत्तर कसं दिसायला हवं. प्रयत्न चालू असतानाच हे चालवा:

```
conntrack -L -p udp | grep 198.51.100.77
```

मला दोन नोंदी दिसल्या. वाचायला सोपं जावं म्हणून ओळी तोडून देतो:

```
src=198.51.100.77 dst=203.0.113.10  sport=52814 dport=30000
 [UNREPLIED]
src=192.168.10.25 dst=198.51.100.77 sport=30000 dport=52814

src=192.168.10.20 dst=198.51.100.77 sport=30000 dport=52814
 [UNREPLIED]
src=198.51.100.77 dst=203.0.113.10  sport=52814 dport=41873
```

पहिली नोंद खेळाडूच्या पॅकेटची. तिच्या खालच्या भागात फायरवॉलने लिहून ठेवलंय की उत्तर `192.168.10.25` कडून यायला हवं. ते कधीच आलं नाही म्हणून `UNREPLIED`. प्रत्यक्षात आलं ते `.20` कडून. फायरवॉलच्या दृष्टीने हे कशाचंच उत्तर नाही. आतल्या एका मशीनने आपणहून बाहेर काहीतरी पाठवलं, एवढंच तिला दिसतं. म्हणून तिने दुसरी, नवी नोंद उघडली आणि नेहमीप्रमाणे आतला पत्ता काढून बाहेरचा लावला.

बाहेरचा पत्ता लावताना शक्य असेल तर ती मूळ पोर्ट तसाच ठेवते. इथेही `30000` ठेवता आला असता. पण तो ठेवला असता तर या नव्या जोडणीचं उत्तर `198.51.100.77` च्या `52814` वरून `203.0.113.10` च्या `30000` वर येणारं पॅकेट असतं, आणि अगदी तस्संच वर्णन पहिल्या नोंदीत आधीच लिहिलेलं आहे. दोन नोंदींचं वर्णन एकसारखं असून चालत नाही, नाहीतर आलेलं पॅकेट कोणाचं हे ठरवता येणार नाही. म्हणून तिने मोकळा पोर्ट निवडला. माझ्याकडे `41873` निघाला, तुमच्याकडे दुसरा कुठला तरी निघेल. फायरवॉल इथे चुकलेली नाही. तिला मिळालेल्या माहितीवर तिने योग्य तेच केलं.

शेवटचा टप्पा मुलाच्या घरी. त्याच्या राउटरच्या वहीत लिहिलंय: आतल्या पीसीने `203.0.113.10` च्या `30000` ला पॅकेट पाठवलंय, उत्तर तिथूनच येईल. आलं मात्र `41873` वरून. पत्ता तोच, पोर्ट परका. बहुतेक घरगुती राउटर असं पॅकेट मुकाट्याने टाकून देतात. म्हणून मुलाच्या पीसीवर कॅप्चर घेतलंत तर फक्त त्याची स्वतःची पॅकेट दिसतील आणि पलीकडून संपूर्ण शांतता. काही राउटर ढिले असतात आणि ते पॅकेट आत सोडतात. अशा घरात ते पीसीच्या कॅप्चरमध्ये दिसेल, तरीही जोडणी होणार नाही, कारण गेम ज्या पत्त्याला आणि पोर्टला हाक मारली तिथलंच उत्तर मानतो. "एका घरी पॅकेट येतं आणि दुसऱ्या घरी येत नाही" असं ऐकलंत तर गोंधळून जाऊ नका. दोन्हींचं मूळ एकच.

म्हणजे बिघाड सर्व्हरच्या पत्त्यात आहे, तो उघडा पडतो फायरवॉलवर, आणि त्याचा फटका बसतो मुलाच्या राउटरपाशी. फायरवॉलवर आणखी पोर्ट उघडून किंवा थोडा वेळ तिचे सगळे नियम ढिले करूनही यात काही बदलणार नाही, कारण अडवणारा नियम मुळात नाहीच. असं करून पाहू नका, क्लासची बाकी मशीन फुकट उघडी पडतील.

तुमची फायरवॉल आतून बाहेर जाणाऱ्या गोष्टींवरही कडक असती तर चित्र थोडं बदललं असतं. मग `.20` कडून आलेलं पॅकेट "ओळख नसलेलं" म्हणून तिनेच अडवलं असतं आणि पत्त्याच्या फिल्टरनेही बाहेरच्या बाजूला उत्तर दिसलं नसतं. तेव्हा फायरवॉलच्या लॉगमध्ये नाकारलेल्या ओळींत `192.168.10.20` आणि `30000` एकत्र शोधायचे. कारण हेच आणि उपायही हाच.

उपाय करताना तुम्हाला ठरवायचंय की दुसरा पत्ता खरंच हवाय का. त्यामागे ठोस कारण नसेल, तर फॉरवर्ड `.25` ऐवजी `.20` कडे करा आणि `.25` काढून टाका. काम झालं. गेमचं येणं-जाणं वेगळं मोजायचं किंवा उद्या सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवायचा असा विचार असेल, तर `.25` ठेवा आणि गेमला त्याच पत्त्यावर बसवा. लुआंटीच्या `minetest.conf` मध्ये (गेमचं नाव २०२४ मध्ये बदललं, फाइलचं जुनंच राहिलं) ही ओळ घाला:

```
bind_address = 192.168.10.25
```

सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा. आता तो फक्त `.25` वर ऐकेल आणि `.25` वरूनच बोलेल. मात्र लॅनवरची मुलं `.20` टाकत होती, ते यानंतर चालणार नाही. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर उद्या सकाळी बाहेरची मुलं खेळतील आणि वर्गातली ओरडतील. मी तुमच्या जागी असतो तर हाच मार्ग घेतला असता, कारण नंतर कोणी त्या मशीनला तिसरा पत्ता दिला तरी गेम हलणार नाही.

सर्व्हरची बाहेर जाण्याची वाटच `.25` ने सुरू करायची, म्हणजे `ip route` मध्ये `src` बदलायचा, असाही एक मार्ग आहे. पण त्याने त्या मशीनवरून बाहेर जाणाऱ्या सगळ्याच नव्या गोष्टींचा पत्ता बदलतो, आणि रीस्टार्टनंतर तो बदल टिकवायची वेगळी खटपट करावी लागते. ज्या गेमच्या सेटिंगमध्ये पत्ता बांधायची सोयच नाही, त्याच्यासाठीच मी हे राखून ठेवतो.

बदल केल्यावर मुलाला चालू प्रयत्न रद्द करून नव्याने जोडायला सांगा. फायरवॉल फॉरवर्डचा नियम जोडणीच्या पहिल्या पॅकेटलाच पाहते, पुढची पॅकेट वहीतल्या नोंदीवर चालतात. उत्तर न मिळालेली यूडीपीची नोंद लिनक्सवर मुळात ३० सेकंद राहते, पण मुलाचा पीसी मधूनमधून पाठवत राहिला तर ती पुन्हा पुन्हा ताजी होते. त्यामुळे नियम बरोबर केला तरी जुन्या प्रयत्नाला जुनीच वाट मिळत राहते आणि माणूस बरोबर केलेला बदल चुकीचा समजून मागे घेतो. खिडकी बंद करून पुन्हा जोडलं की नवा पोर्ट, नवी नोंद, नवी वाट.

नीट झालंय हे कशावरून ओळखायचं? फायरवॉलच्या आतल्या बाजूला उत्तर `.25` वरून येताना दिसेल. बाहेरच्या बाजूला ते `203.0.113.10` च्या `30000` वरूनच निघेल, `41873` सारखा अनोळखी पोर्ट दिसणार नाही. `conntrack` मध्ये दोनऐवजी एकच नोंद राहील आणि तिच्यातला `UNREPLIED` गेलेला असेल. सगळ्यात भरवशाची खूण मात्र सर्व्हरवर `-X` लावून पाहा, खेळाडूकडून येणाऱ्या पॅकेटांत:

```
4f45 7403 0000 ...
4f45 7403 0002 ...
```

दुसऱ्या ओळीत `0000` चा `0002` झाला (तुमच्याकडे दुसरा आकडाही असू शकतो) म्हणजे उत्तर त्याच्या घरापर्यंत पोचलं आणि त्याने ते वाचलं.

तुमच्या कॅप्चरमध्ये याहून काही वेगळं निघालं तर थोडक्यात सांगून ठेवतो. फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला पॅकेट मुळात येतच नसेल तर अडचण फायरवॉलच्या पलीकडे, बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीच्या बाजूला आहे. बाहेरच्या कार्डावरचा पत्ता `100.64` ते `100.127` या गटातला असेल तर कंपनीने तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही आणि कोणताही फॉरवर्ड चालणार नाही. तुमचा काउंटर वाढतोय, म्हणजे तुम्ही त्यात नाही. बाहेर येतंय पण आतल्या बाजूला निघत नसेल तर फॉरवर्डचा नियम किंवा त्याला परवानगी देणारा नियम चुकलाय. सर्व्हरपर्यंत येतंय आणि फिल्टरमधला `udp and` काढल्यावर सर्व्हरकडून `ICMP ... udp port 30000 unreachable` परत जाताना दिसत असेल तर त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाहीये. `bind_address` मध्ये आकडा चुकला तर हेच दिसेल. आणि क्रमांक मिळाला, नाव-पासवर्ड झाला, पण नकाशा आणि चित्रं उतरताना अडकतं, असं झालं तर तो मोठ्या पॅकेटांचा वेगळा प्रश्न आहे. तेव्हा हस्तांदोलनाकडे पुन्हा पाहत बसू नका, त्या वेळचं कॅप्चर वेगळं घ्या.

सुरुवात `ip route get` पासून करा. तिथे `.20` दिसला तर चारही ठिकाणी कॅप्चर लावायची गरज उरणार नाही. फायरवॉलच्या दोन बाजूंचं तेवढं घ्या आणि दुसरी ओळ वाचा.